फेरफार नोटिशीच्या फोटोतून काढलेला मजकूर इंग्रजी भाषांतराआधी कसा दुरुस्त करावा?

पूर्णाकाठ

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी मामांच्या निधनानंतर वारसांची नावे लावण्यासाठी फेरफार घेतला गेला असून त्याची नोटीस चावडीवरच्या काचेच्या फलकात लावलेली आहे. माझी मामेबहीण कॅनडात राहते. तिला तिथल्या वकिलाकडून मुखत्यारपत्र करून घ्यायचे आहे आणि त्या वकिलाला या नोटिशीचे इंग्रजी भाषांतर हवे आहे. मी मोबाइलवर फोटो काढला आणि संगणकावर टेसरॅक्टमधून त्याचा मजकूर काढला. तो खाली देत आहे. नावे आणि क्रमांक बदलले आहेत, परंतु चुका जशा आल्या तशाच ठेवल्या आहेत.

> फेरफार क. ३४८६
> गट क. २९४/२ लागवडयोग्य १.४७ पो.रव. ०.०४ एकूण १.६१ हे.आर.
> खातेदार रामराव पि. गणपती हे भयत झाले असून त्यांचे वारस
> १) सीतावाई प्र. रामराव, पली
> २) रुक्मिण प्र. किसन, सून
> ३) ओंकार पि. किशन अ.पा.क. आई रुक्मिण, नातू
> ४) मीरा प्र. सु.ाष, मुलगी
> यांची नावे लावणेबाबत ज्यांची हरकत असेल त्यांनी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. मुदतीत हरकत
> आल्यास नोंद प्रमाणित करण्यात येईल.
> प्र. ग्राम महसूल अधिकारी

'भयत', 'सीतावाई', 'पली' आणि 'पो.रव.' या चुका मला लगेच दिसल्या. मीराच्या पतीच्या नावावर जांभळा शिक्का असल्यामुळे ते नाव तुटले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. आधी भाषांतर करून मग इंग्रजीत चुका सुधारणे सोपे जाईल, की मराठी मजकूर आधी शुद्ध करावा? आणि मला न दिसलेल्या चुका अजून असतील तर त्या शोधायच्या कशा?

देवगिरी_डीटीपी

ताई, नमस्कार. मराठी आधी शुद्ध करा हे नक्की. मात्र प्रत्येक शब्द डोळ्यांनी तपासत बसण्याची गरज नाही. ठरावीक अक्षरांच्या जोड्या नेहमी गोंधळतात. म आणि भ, ब आणि व, ध आणि घ, थ आणि य, आणि 'ख'चे तुकडे होऊन 'रव' होणे, एवढ्यातच बहुतेक चुका येतात. 'भयत'चे 'मयत', 'क.'चे 'क्र.' आणि 'रव'चे 'ख' अशी शोधा-आणि-बदला यादी एकदाच तयार करून चालवली की पाच मिनिटांत काम होते. 'प्र. रामराव' हे मला 'भ्र. रामराव' असावे असे वाटते, तेही त्याच यादीत घालता येईल. शिवाय टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला खात्रीचे गुण देतो. खालील आज्ञेने ते मिळतात आणि ज्या शब्दांना कमी गुण आहेत तेवढेच तपासायचे.

```
tesseract notis.png notis -l mar --psm 6 tsv
```

जुना_टंकलेखक

पूर्णाकाठताई, तुम्ही दाखवलेल्या चार चुका या मजकुरातल्या सर्वांत निरुपद्रवी चुका आहेत. 'भयत' असा शब्दच नसल्यामुळे तो वाचणाऱ्याला अडवतो आणि आपोआप दुरुस्त होतो. भीती असते ती चुकून खऱ्या शब्दाच्या किंवा खऱ्या अंकाच्या रूपात आलेल्या चुकीची. अशा तीन चुका मला आपल्या मजकुरात दिसतात आणि त्यांतली एक फार गंभीर आहे.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. 'मुदतीत हरकत आल्यास नोंद प्रमाणित करण्यात येईल.' हे व्याकरणाने शुद्ध वाक्य आहे, परंतु असे वाक्य कोणत्याही फेरफार नोटिशीत असू शकत नाही, कारण हरकत आली तर नोंद थेट प्रमाणित होत नाही, ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिची सुनावणी होते. मूळ वाक्य 'हरकत न आल्यास' असेच असणार. 'हरकत' या शब्दावर ओळ संपलेली दिसते. तिथे ओळीच्या टोकाला एकटा 'न' असावा आणि फलकाच्या चौकटीची सावली त्यावर पडली असावी, असा माझा अंदाज आहे. फोटो पाहून सांगता का?

हे वाक्य असेच भाषांतराला गेले असते तर इंग्रजी वाक्यही अगदी सुरळीत झाले असते आणि अर्थ मात्र पूर्ण उलटा. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. इंग्रजीत गेल्यावर ही चूक शोधायला काहीच धागा उरत नाही.

देवगिरी यांनी सांगितलेले गुण उपयोगी आहेत, मीही पाहतो. परंतु जो शब्द वाचलाच गेला नाही त्याला गुण कुठून मिळणार? 'न' त्या तक्त्यात कमी गुणांचा म्हणूनसुद्धा दिसणार नाही, कारण त्याची ओळच तक्त्यात नसेल. आणि स्वच्छ छापलेला चुकीचा अंक पुष्कळदा चांगले गुण घेऊन येतो.

पूर्णाकाठ

आपण म्हणता तसेच आहे. फोटो मोठा करून पाहिला तर 'हरकत'नंतर चौकटीच्या सावलीत एक अक्षर अर्धवट दिसते आणि त्याची उभी काठी स्पष्ट आहे. मी हे वाक्य निदान सहा वेळा वाचले होते आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात 'न' घालूनच वाचले असणार, कारण मला ते कधी खटकले नाही. बाकीच्या दोन चुका कोणत्या?

जुना_टंकलेखक

दुसरी चूक क्षेत्रात आहे आणि ती बेरजेने सापडते. लागवडयोग्य १.४७ आणि पोटखराब ०.०४ मिळून १.५१ होतात, परंतु एकूण १.६१ छापले आहे. म्हणजे तीनपैकी एक आकडा चुकीचा वाचला गेला आहे. छपाई थोडी फिकट असली की ५ आणि ४ यांची गल्लत होते, त्यामुळे १.५७ असण्याची शक्यता अधिक, कारण १.५७ आणि ०.०४ यांची बेरीज नेमकी १.६१ येते. परंतु बेरीज जुळली म्हणून आकडा लिहून टाकू नका. बेरीज फक्त कुठे पाहायचे ते सांगते, आकडा कागदावरूनच घ्यायचा. मामांची जमीन सुमारे चार एकर आहे का, हेही घरी विचारा. १.६१ हेक्टर म्हणजे जवळजवळ तीन एकर एकोणचाळीस गुंठे.

तिसरी जागा गट क्रमांकाची. तो चुकला आहे असे मी म्हणत नाही, परंतु १ आणि ९ यांचा गोंधळ इतका नेहमीचा आहे की २९४ हा २१४ असू शकतो, आणि इथे बेरीज मदतीला येत नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून दोन्ही गटांचे सातबारा उघडून पाहा. तिथला विनास्वाक्षरीचा उतारा केवळ माहितीसाठी असतो, परंतु कोणत्या गटावर मामांचे नाव आहे एवढे कळायला तो पुरेसा आहे.

आता शोधा-आणि-बदला याबद्दल. देवगिरी, 'प्र. रामराव' हे 'भ्र. रामराव' आहे हा आपला तर्क बरोबर आहे. भ्र. म्हणजे भ्रतार, आणि आपल्या मराठवाड्यातल्या सातबाऱ्यांवर विवाहित स्त्रीच्या नावापुढे ते सर्रास असते. परंतु शेवटची ओळ पाहा. तिथे 'प्र. ग्राम महसूल अधिकारी' आहे आणि तो 'प्र.' खरोखरच प्रभारी या अर्थाचा आहे. आपली यादी एकाच फटक्यात चालवली असती तर अधिकाऱ्याच्या पदापुढेही भ्रतार लागला असता. तसेच 'क.'चे सगळीकडे 'क्र.' केले असते तर 'अ.पा.क.' या खुणेतला 'क.' बदलून 'अ.पा.क्र.' झाला असता. एकेक बदल विचारून करणारी शोधपद्धत वापरावी, सरसकट बदल करू नये.

देवगिरी_डीटीपी

सर, मान्य. 'अ.पा.क.' माझ्या लक्षात आले नव्हते, मी ते नेहमीच्या क्रमांकासारखेच काहीतरी समजत होतो. ते नेमके काय असते?

भाषांतर_नांदेड

अज्ञान पालन कर्ता. वारस अल्पवयीन असेल तर त्याच्या नावापुढे हे लिहून पालनकर्त्याचे नाव येते. इथे ओंकार अल्पवयीन आहे आणि आई रुक्मिण त्याची पालनकर्ती आहे. भाषांतराच्या दृष्टीने ही या नोटिशीतली सर्वांत महत्त्वाची तीन अक्षरे आहेत, कारण अल्पवयीनाच्या हिश्श्याबाबतचे नियम वेगळे असतात आणि परदेशातला वकील पहिल्यांदा तेच पाहील. 'अज्ञान' या शब्दाचा इंग्रजीत शब्दशः अर्थ लावून 'अडाणी' असे भाषांतर केलेले मी प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणून सावध करते.

मी गेली अनेक वर्षे कागदपत्रांची भाषांतरे करते. एक अनुभव सांगते. एका ग्राहकाने फोटोतून काढलेला मजकूर मला दिला होता, त्यात सोसायटीचा 'बोजा वाद करणे' अशी ओळ होती. मी मूळ फोटो न मागता त्याचे भाषांतर कर्जाच्या बोज्यासंबंधी तंटा असल्यासारखे केले. कागदावर 'बोजा बाद करणे' होते. म्हणजे कर्ज फिटले होते आणि मी जमिनीवर तंटा उभा करून दिला. चूक माझी होती. त्या दिवसापासून मूळ प्रतिमा समोर असल्याशिवाय मी एकही ओळ घेत नाही. ताई, आपल्या भाषांतरकारालाही शुद्ध मजकुरासोबत फोटो अवश्य द्या.

औंढा_वाट

ताई, नोटिशीवर हरकत घ्यायची असेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या भावकीत असेच झाले होते, मुदत निघून गेल्यावर अपील करावे लागले.

याच संदर्भात माझाही एक प्रश्न आहे. आमच्याकडे १९५४-५५ चे खासरा पत्रक आहे, त्यावर काही मजकूर उर्दूत हाताने लिहिलेला आहे. टेसरॅक्टमध्ये `-l urd` दिल्यास तो निघेल का? मी एकदा करून पाहिले, पण नुसती टिंबे आणि रेघा आल्या.

पूर्णाकाठ

आभारी आहे, परंतु आम्हाला हरकत घ्यायची नाही. सर्व वारसांची संमती आहे. प्रश्न फक्त मजकूर बरोबर वाचण्याचा आहे.

जुना_टंकलेखक

औंढा_वाट, ही सॉफ्टवेअरे छापील मजकुरावर शिकवलेली असतात, त्यामुळे हाताने लिहिलेल्या उर्दूतून असेच काहीतरी निघणार. त्या पत्रकासाठी जुनी महसुली उर्दू वाचणारी व्यक्तीच गाठावी लागेल. त्यावर वेगळा धागा काढल्यास बरे, कारण तो विषय मोठा आहे.

पूर्णाकाठताई, आता फोटोकडे वळू. सुधारलेल्या फोटोतून अर्ध्या चुका मुळातच येत नाहीत, म्हणून मजकूर दुरुस्त करण्याआधी फोटो पुन्हा काढणे नेहमी स्वस्त पडते. चावडीवर पुन्हा जाणे शक्य असेल तर कोतवालांना काच उघडायची विनंती करा. काचेवरची चमक आणि चौकटीची सावली दोन्ही जातील. फ्लॅश वापरू नका. मोबाइल कागदाला समांतर धरा, कारण तिरप्या फोटोत शिरोरेषा तिरपी होते आणि अक्षरांवरच्या मात्रा, रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीत मिसळतात. अक्षराची उंची निदान तीस पिक्सेल भरेल इतके जवळून घ्या, हवे तर दोन फोटो काढा. आणि फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवायचा झाल्यास चित्र म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण चित्र म्हणून पाठवताना ते दाबले जाते आणि पहिला मार बसतो तो बारीक टिंबांना. अनुस्वार आणि दशांश चिन्ह या दोन्ही गोष्टी शेवटी टिंबेच आहेत. ०.०४ मधले टिंब गेले तर पोटखराब चार हेक्टर झालेच म्हणून समजा.

शिक्क्यासाठी एक युक्ती आहे. काळी शाई तिन्ही रंगांच्या थरांत काळीच दिसते, परंतु निळी शाई निळ्या थरात फिकट होते. शिक्का जांभळा असल्यास निळा आणि लाल असे दोन्ही थर वेगळे काढून पाहा, ज्यात शिक्का जास्त पुसट असेल तो वापरा.

```
magick notis.jpg -channel B -separate notis_b.png
magick notis.jpg -channel R -separate notis_r.png
```

देवगिरी_डीटीपी

सर, भाषा `mar+hin` अशी दोन्ही द्यावी का? देवनागरी दोन्हीत असल्यामुळे निकाल सुधारतो असे मी ऐकले आहे.

जुना_टंकलेखक

माझ्या कामात तरी फायदा झाला नाही. उलट 'मिळाल्यापासून'चे 'मिलाल्यापासून' आणि 'वेळी'चे 'वेली' असे प्रकार वाढले, म्हणून मराठी कागदासाठी मी फक्त `mar` ठेवतो. ज्या कागदात मध्येच रोमन अक्षरे आहेत तिथे `mar+eng` देतो. आपला अनुभव वेगळा असल्यास जरूर सांगा, छपाईच्या टंकावर बरेच अवलंबून असते.

देवगिरी_डीटीपी

ठीक. आणखी एक गोष्ट. वारस क्रमांक २ मध्ये 'किसन' आणि क्रमांक ३ मध्ये 'किशन' असे आले आहे. व्यक्ती एकच आहे, तेव्हा दोन्हीकडे 'किसन' करून टाकावे. परदेशी वकिलाला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतील.

भाषांतर_नांदेड

हे मात्र करू नये. आधी फोटोत पाहावे. कागदावर दोन्हीकडे 'किसन' असेल आणि यंत्राने एके ठिकाणी 'किशन' वाचले असेल, तर ती वाचनाची चूक आहे आणि ती दुरुस्त करावी. परंतु कागदावरच 'किशन' छापले असेल तर ती कागदाची चूक आहे आणि ती तशीच ठेवावी लागते. आपण शासकीय कागदाची प्रत तयार करत आहोत, त्यात सुधारणा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. भाषांतरात दोन्ही वर्णलेखने जशीच्या तशी ठेवून चौकटी कंसात 'मूळ प्रतीत असेच' अशा अर्थाची खूण करावी.

पूर्णाकाठ

कागदावर 'किशन' असेच छापलेले आहे, मी आत्ताच पाहिले. आधार कार्डावर 'किसन' आहे. म्हणजे ती चूक नोंदीतच आहे.

जुना_टंकलेखक

मग भाषांतराचा प्रश्न संपला आणि दुसरा सुरू झाला. नोंद अजून प्रमाणित झालेली नसेल, तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या निदर्शनास ही बाब आत्ताच आणून द्या. प्रमाणित झाल्यावर अशी दुरुस्ती फार वेळ घेते. मजकूर नीट तपासताना नोटिशीतली खरी चूक सापडावी, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

भाषांतर_नांदेड

एका मुद्द्यावर मला सगळ्यांचे मत हवे आहे. 'सीताबाई भ्र. रामराव' याचे भाषांतर मी नेहमी 'वाइफ ऑफ' असे करते. परंतु इथे रामराव मयत आहेत हे त्याच नोटिशीत लिहिले आहे. तेव्हा 'विडो ऑफ' लिहावे का? माझे मत असे की कागद फक्त पतीचे नाव सांगतो, वैधव्य सांगत नाही, म्हणून 'वाइफ ऑफ'च ठेवावे.

जुना_टंकलेखक

माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या नोंदींत 'भ्र.' हा निव्वळ ओळख पटवणारा शब्द असतो, पती हयात असो वा नसो. त्यामुळे इंग्रजी वाचकाला 'वाइफ ऑफ' वाचून रामराव जिवंत आहेत असे वाटण्याचा धोका राहतो, विशेषतः मृत्यूचे वाक्य वर आणि यादी दुसऱ्या पानावर गेली तर. मी असतो तर 'भ्र.' रोमनमध्ये तसाच ठेवून खाली भाषांतरकाराची एक टीप दिली असती.

भाषांतर_नांदेड

टिपांनी भरलेले भाषांतर अनेक कार्यालये परत पाठवतात, हा माझा अनुभव आहे. मी 'वाइफ ऑफ'वर ठाम आहे, पण आपले म्हणणे चुकीचे आहे असेही मी म्हणत नाही. ताईंनी वकिलालाच विचारावे.

पूर्णाकाठ

आज दुपारी चावडीवर जाऊन आले. कोतवालांनी काच उघडून दिली आणि मी सावली नसताना, कागदाला समांतर असे तीन फोटो काढले. निळा थर वेगळा काढल्यावर शिक्का जवळजवळ नाहीसा झाला. लाल थरात तो तसाच गडद राहिला.

आता आलेला मजकूर पुष्कळ चांगला आहे. 'मयत', 'पत्नी' आणि 'पो.ख.' आपोआप बरोबर आले. 'हरकत न आल्यास' मधला 'न' आला. लागवडयोग्य क्षेत्र १.५७ असेच छापलेले आहे. महाभूलेखवर पाहिले तर २१४/२ या गटावर मामांचे नाव आहे, आणि नव्या फोटोत तो अंक १ असल्याचे उघड दिसते, तरीसुद्धा टेसरॅक्टने पुन्हा २९४ असेच वाचले. 'भ्र.' मात्र चारही ठिकाणी 'प्र.' किंवा 'भ.' असे आले, एकदाही बरोबर नाही. ती मी हाताने दुरुस्त केली आणि पदनामातला 'प्र.' तसाच ठेवला.

जुना_टंकलेखक

'चारही ठिकाणी' म्हणालात. आपल्या पहिल्या मजकुरात 'प्र.' फक्त तीन वारसांपुढे होता, क्रमांक १, २ आणि ४. चौथा कुठून आला?

पूर्णाकाठ

आपण बरोबर पकडले. ओंकारच्या ओळीत शेवटी 'आई रुक्मिण भ्र. किशन' असे आहे. पहिल्या वेळी ते दोन शब्द गळले होते, कारण कागदाची घडी तिथूनच गेली आहे. आत्ता फोटोशी ताडून पाहिले.

जुना_टंकलेखक

म्हणजे गळलेला मजकूर दोन ठिकाणी होता. चुकलेले अक्षर निदान जागेवर काहीतरी ठेवून जाते, गळलेला शब्द जागाच मिटवतो. त्यासाठी मी एक साधी रीत पाळतो. फोटोतल्या प्रत्येक ओळीतले शब्द मोजायचे, मजकुरातल्या त्याच ओळीतले शब्द मोजायचे, आणि आकडे ओळीच्या समासात लिहायचे. ओळींची तोड कागदावर जशी आहे तशीच मजकुरात ठेवली तरच हे जमते, म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत ओळी एकत्र करू नका. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी बसवून एकाने फोटो पाहत मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मजकुरावर बोट ठेवत जावे. अंक 'दोनशे चौदा' असे वाचू नयेत, 'दोन, एक, चार' असे सुटे वाचावेत. एकट्याने वाचताना डोळा वाक्य आपोआप पूर्ण करून घेतो, हे आपण 'न'च्या बाबतीत पाहिलेच.

पूर्णाकाठ

तसे केले. भाच्याला बरोबर घेतले. त्यालाच 'लेखी हरकत घ्यावी' मधला 'लेखी' नव्या मजकुरात 'लेखि' आल्याचे दिसले. आता मीराच्या पतीच्या नावाचा प्रश्न उरला आहे. शिक्का गेल्यावर 'सु' आणि 'ाष' स्पष्ट आहेत, मधले अक्षर मात्र शिक्क्याच्या कडेखाली इतके दबले आहे की ते 'भ' आहे असे नुसत्या कागदावरून मला सांगता येत नाही. मामेबहिणीच्या पतीचे नाव सुभाषच आहे, तेव्हा तसे लिहावे का?

देवगिरी_डीटीपी

माझ्या मते लिहायला हरकत नसावी, दुसरे कोणते नाव असणार?

भाषांतर_नांदेड

लिहू नये. आपल्याला माहीत आहे ते एक, आणि कागदावर दिसते ते वेगळे. 'किशन'च्या बाबतीत आपण पाहिलेच की कागदावर घरच्या माहितीपेक्षा निराळे छापलेले असू शकते. शुद्ध मजकुरात 'सु[अस्पष्ट]ाष' असे ठेवा, आणि भाषांतरकाराला वेगळ्या चिठ्ठीवर कळवा की नाव सुभाष असावे असा कुटुंबाचा अंदाज आहे. शक्य असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून या नोंदीची शिक्का नसलेली किंवा दुसरीकडे शिक्का असलेली प्रत मागावी.

पूर्णाकाठ

मान्य. नाव चौकटी कंसातच ठेवले आहे. सोमवारी 'किशन'ची बाब सांगायला जाणारच आहे, तेव्हा प्रतही मागेन. 'भ्र.'बद्दल वकिलाला ईमेल केली आहे, उत्तर अजून आलेले नाही. यंत्राने काढलेला मूळ मजकूर, दुरुस्त केलेला मजकूर आणि दोन्ही वेळचे फोटो अशा वेगवेगळ्या फाइली करून ठेवल्या आहेत, आणि भाषांतरकाराला दुरुस्त मजकूर नव्या फोटोंसोबतच पाठवणार आहे. वारसांच्या ओळी आणि शेवटचे वाक्य सध्या असे आहे. कोणाला अजून काही खटकले तर सोमवारच्या आत सांगावे.

> १) सीताबाई भ्र. रामराव, पत्नी
> २) रुक्मिण भ्र. किसन, सून
> ३) ओंकार पि. किशन अ.पा.क. आई रुक्मिण भ्र. किशन, नातू
> ४) मीरा भ्र. सु[अस्पष्ट]ाष, मुलगी
> … मुदतीत हरकत न
> आल्यास नोंद प्रमाणित करण्यात येईल.

जुना_टंकलेखक

वरून चौथ्या ओळीपर्यंत फोटोशी शब्दसंख्या जुळली का तेवढे पुन्हा एकदा पाहा, विशेषतः घडी गेली आहे त्या ओळीत. 'नातू'च्या आधी वय लिहिण्याची पद्धत काही ठिकाणी असते आणि ते बारीक अंकांत असते.

पूर्णाकाठ

पाहिले. 'नातू'च्या आधी 'वय १४' आहे. दोन्ही वेळा गळले होते. आता घातले.